आगीत जळालेल्या मालाचा क्लेम: शिल्लक साठा ढोबळ नफ्याच्या दरावरून कसा काढायचा

आगीनंतर विमा कंपनीचा माणूस येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "त्या रात्री दुकानात किती रुपयांचा माल होता?" पेठांमधल्या दहा दुकानदारांपैकी नऊ जणांकडे याचं उत्तर लिहिलेलं नसतं. नग मोजून ठेवायची पद्धत नसते. ३१ मार्चला एकदा मोजणी होते, ती वही सीएकडे जाते आणि वर्षभर कोणी तिच्याकडे बघत नाही. मग जळालेल्या मालाचा आकडा हिशेबातून उलटा काढावा लागतो: वर्षाच्या सुरुवातीचा माल, त्यात आगीपर्यंतची खरेदी मिळवायची, आणि विकून गेलेला माल खरेदी किमतीने वजा करायचा. विकलेल्या मालाची खरेदी किंमत कोणालाच पाठ नसते, म्हणून ती मागच्या वर्षांच्या ढोबळ नफ्याच्या दरावरून काढतात. बुककीपिंगमध्ये हेच 'मेमोरँडम ट्रेडिंग अकाउंट' म्हणून शिकवतात.

पद्धत एवढीच आहे, पण त्यातला 'दर' हा शब्द फसवा आहे. "मागच्या तीन वर्षांची सरासरी घ्या आणि लावा" असा सल्ला सगळे देतात. मीही एकेकाळी तो ऐकला आणि एका माणसाचे पैसे घालवले. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण लेखाचा खरा मुद्दा तोच आहे. बाकीच्या पायऱ्या भरभर सांगतो.

पहिले दोन दिवस

विमा कंपनीला लगेच लेखी कळवा. ईमेल पुरेसा आहे, पण तो त्याच दिवशी गेला पाहिजे. महापालिकेच्या अग्निशमन दलाचा दाखला आणि पोलिस पंचनामा मागून ठेवा. क्लेम फॉर्म किती दिवसांत द्यायचा ते पॉलिसीत छापलेलं असतं. जुन्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत पंधरा दिवस आहेत. मुदत अपुरी वाटली तर ती संपण्याआधी लेखी वाढवून घ्या.

मलबा उचलू नका. दुकान लवकर उघडायची घाई असते, शेजारीही वासाची तक्रार करतात, तरी विमा कंपनीने नुकसान मोजायला नेमलेल्या सर्वेअरने बघून फोटो काढेपर्यंत एक गठ्ठासुद्धा हलवायचा नाही. अर्धवट जळालेले आणि भिजलेले गठ्ठे तेवढे बाजूला कोरड्या जागी ठेवा, म्हणजे आणखी खराब होणार नाहीत, आणि ठेवण्याआधी त्यांचेही फोटो काढा.

कागद पुन्हा जमवणं

बिलबुकं जळाली म्हणून घाबरू नका. विक्रीचे आकडे जीएसटीच्या विवरणपत्रांत आहेत आणि खरेदीची बिलं जीएसटीआर-२बी मध्ये पुरवठादारानिहाय दिसतात. परराज्यातून आलेल्या मालाची ई-वे बिलं पोर्टलवर सापडतात. कार्ड मशीन, यूपीआय आणि बँकेचं स्टेटमेंट यांवरून शेवटच्या आठवड्यांची विक्री जुळवता येते. टॅलीचा बॅकअप सीएकडे किंवा अकाउंटंटच्या घरच्या लॅपटॉपवर असतोच. मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि ३१ मार्चची मोजणीची मूळ यादी मात्र हवीच. ताळेबंदातला एकच आकडा चालत नाही. मोजणी करणाऱ्याने हाताने लिहिलेली, रॅकनिहाय यादी लागते. ती का लागते ते लगेच कळेल.

दर काढणं: इथे घाई करायची नाही

सांगतो ते एक खरं प्रकरण आहे. ओळख लपवली आहे आणि आकडे गोल केले आहेत. लक्ष्मी रोडला लागून असलेल्या गल्लीत साड्यांचं दुकान होतं, मालक सत्तरीतले. १८ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री माळ्यावरच्या वायरिंगमधून आग लागली. त्यांच्या मुलाने मला बोलावलं तेव्हा एका नातेवाइकाने आधीच एका कागदावर हिशेब मांडून दिला होता. मागच्या वर्षीच्या ताळेबंदातला ढोबळ नफ्याचा दर होता २२.५ टक्के, आणि तोच त्याने सरळ लावला होता.

मी तीनही वर्षांचे आकडे समोर ठेवले. २०२१-२२ मध्ये ९० लाख विक्रीवर २२.२ लाख ढोबळ नफा, म्हणजे जेमतेम २४.७ टक्के. २०२२-२३ मध्ये ११० लाखांवर २७.८ लाख, म्हणजे २५.३ टक्के. आणि २०२३-२४ मध्ये १२० लाखांवर २७ लाख, म्हणजे २२.५. दोन वर्षं पंचविसाच्या आसपास असणारा दर तिसऱ्या वर्षी अडीच टक्क्यांनी खाली येतो, तेव्हा कारण शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. धंदा खरंच पडला होता का? मालक म्हणाले, "नाही हो, भाव तेच, गिऱ्हाईक तेच." मग आकड्यातच काहीतरी असणार.

मोजणीची यादी मागवली. निळ्या शाईत लिहिलेली चौदा पानं होती: पैठणी, नारायणपेठ, इरकल, सुरती सिंथेटिक, प्रत्येकापुढे नग आणि बिलाचा दर. शेवटच्या पानावर बेरीज ३० लाख. तिच्याखाली वेगळ्या पेनाने एक ओळ होती: 'वजा १० टक्के', आणि खाली २७ लाख. ताळेबंदात २७ लाखच गेले होते. जुना माल आहे, जरा कमी धरू, करही थोडा वाचेल, अशा विचाराने कोणीतरी सरसकट दहा टक्के कापले होते. माल कोणता जुना, किती जुना, याची कुठेही नोंद नव्हती.

या एका ओळीने दोन ठिकाणी घोटाळा केला. अखेरचा माल ३ लाखांनी कमी दाखवला म्हणून २०२३-२४ चा नफा ३ लाखांनी कमी दिसला आणि दर २२.५ वर आला. तोच २७ लाखांचा माल पुढच्या वर्षाचा आरंभीचा माल झाला, त्यामुळे ज्या वर्षी आग लागली त्या वर्षाची सुरुवातही ३ लाखांनी खाली झाली. दोन्ही चुकांनी जळालेल्या मालाचा आकडा कमीच होतो. आरंभीचा माल कमी धरला म्हणून एकदा, आणि दर कमी असल्यामुळे विकलेल्या मालाची किंमत जास्त वजा होते म्हणून दुसऱ्यांदा.

माझी चूक हीच होती. बऱ्याच वर्षांपूर्वी, माझ्या अगदी सुरुवातीच्या एका क्लेममध्ये, मी ताळेबंदातला दर जसाच्या तसा उचलला आणि मोजणीची यादी मागितलीच नाही. वर्षाअखेरीला माल कमी धरायची सवय त्या दुकानातही होती, हे मला क्लेम मंजूर होऊन पैसे खात्यात आल्यावर कळलं. दुकानदाराने मला दोष दिला नाही, पण त्याला जे मिळायला हवं होतं त्यातला एक मोठा तुकडा माझ्या आळसामुळे गेला. तेव्हापासून मूळ यादी हातात आल्याशिवाय मी दराला हात लावत नाही.

दुरुस्ती अशी करायची. २०२३-२४ चा अखेरचा माल खऱ्या खरेदी किमतीने ३० लाख धरा. त्या वर्षाचा नफा ३० लाख होतो, दर २५ टक्के. आता तिन्ही वर्षांच्या नफ्याची बेरीज करा, ८० लाख. विक्रीची बेरीज करा, ३२० लाख. भागाकार बरोबर २५ टक्के. तीन टक्केवाऱ्यांची बेरीज करून तिनाने भागू नका. लहान विक्रीच्या वर्षाला मोठ्या वर्षाइतकं वजन देण्याचं कारण नाही.

एक गोष्ट मी प्रत्येक दुकानदाराला आधीच स्पष्ट सांगतो. आयकराच्या विवरणात २७ लाख दाखवून विमा कंपनीकडे ३० लाख मागायचे असतील, तर ती ओळ लपवून चालणार नाही. सर्वेअरला चौदा पानं दाखवा, कपात का केली होती ते सांगा, आणि आयकराकडे त्याची दुरुस्ती कशी करायची ते सीएशी बोलून मोकळे व्हा. पानं बिलांशी जुळत असतील तर सर्वेअर ऐकून घेतो. नग आणि दर लिहिलेली यादीच नसेल, तर मात्र ताळेबंदातला आकडा तुम्हाला बांधून घेतो, आणि तसं होणं न्याय्यच आहे.

दर स्वच्छ करताना आणखी दोन गोष्टी नेहमी अडवतात. पहिली, दर विक्रीवरचा की खरेदीवरचा. दुकानदार म्हणतो, "आम्ही तेहतीस टक्के चढवतो." ७५ रुपयांची साडी १०० ला विकली तर खरेदीवर तेहतीस टक्के चढतात, पण विक्रीवरचा नफा पंचवीसच असतो. आपल्या हिशेबात विक्रीवरचा दर लागतो. तोंडी सांगितलेले तेहतीस लावून कोणी हिशेब दिला, तर शिल्लक माल लाखांनी फुगतो आणि सर्वेअर एका मिनिटात तो कागद बाजूला ठेवतो. नंतर तुम्ही दिलेल्या बाकीच्या आकड्यांकडेही तो त्याच नजरेने बघतो.

दुसरी, दर सरळ रेषेत हलत असेल तर सरासरी घेऊ नका. २८, २६, २४ असा उतरत आलेला दर असेल तर २६ लावणं चूक आहे. यंदा तो चोविसाच्याही खाली असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी त्या वर्षाच्या आगीपर्यंतच्या बिलांतली दहा-बारा बिलं घ्या, त्याच मालाच्या खरेदी बिलांशी लावून बघा आणि जो दर निघेल तो लावा. धंद्याचं रूप बदललं असेल, म्हणजे किरकोळीच्या जोडीला खेड्यांतल्या दुकानांना घाऊक माल द्यायला सुरुवात केली असेल, तर किरकोळ आणि घाऊक विक्री वेगळी करून दोघांना वेगवेगळे दर लावावे लागतात. घाऊकीत दहा टक्केच सुटत असताना त्यावर पंचवीस लावलेत तर कागदावरचा माल दुकानात कधी नव्हताच, असं होतं.

ज्या विक्रीला हा दर लागू होत नाही

साड्यांच्या दुकानात ही पायरी हमखास लागते, कारण आपल्याकडे आषाढ सेल असतो. या दुकानाने जुलैमध्ये ६ लाख खरेदी किमतीचा जुना माल ४ लाखांना काढला होता. एप्रिलपासून आगीच्या दिवसापर्यंतची एकूण विक्री जीएसटी वगळून ८८ लाख होती, त्यात हे ४ लाख मिसळलेले होते.

सरसकट ८८ लाखांवर २५ टक्के नफा धरला, तर विकलेल्या मालाची किंमत ६६ लाख येते. पण सेलच्या ४ लाखांवर नफा झालाच नव्हता, उलट २ लाखांचं नुकसान झालं होतं. त्या चार लाखांपोटी ३ नव्हे तर ६ लाखांचा माल दुकानाबाहेर गेला होता. म्हणून ८८ मधून ४ बाजूला काढायचे, उरलेल्या ८४ वर दर लावायचा (६३ लाख), आणि सेलचा माल त्याच्या खऱ्या खरेदी किमतीने, ६ लाखांनी, वेगळा वजा करायचा. एकूण ६९ लाख. ही पायरी गाळली असती तर जळालेला माल ३ लाखांनी जास्त दिसला असता.

इथे लोक एक प्रश्न विचारतात: हा जुना माल ३१ मार्चलाच चार लाखांचा धरायला नको होता का? धरू शकता, पण मग आरंभीच्या मालातही तो चार लाखांनीच धरा आणि वजा करतानाही चार लाखांनीच करा. आत ज्या भावाने घेतला त्याच भावाने बाहेर काढला, आणि दर मात्र खरेदी किमतीच्याच मालावरून काढला, की आगीच्या दिवशीच्या शिल्लकेवर काही फरक पडत नाही. मी सहा आणि सहा धरले, कारण यादी खरेदी दराने लिहिलेली होती. सेलमधला काही माल विकला गेलाच नसेल आणि आगीत जळाला असेल, तर मात्र तो वेगळा दाखवून कमी किमतीनेच मागायचा. पूर्ण किमतीने मागितलात तर सर्वेअर सेलची जाहिरात आणि बिलं दाखवून तो कापतोच.

खरेदीचा आकडा

पुस्तकात आगीपर्यंतची खरेदी ७५ लाख होती. सुरतेहून १६ नोव्हेंबरला आलेले २ लाखांचे गठ्ठे माळ्यावर चढवलेले होते, पण बिल पुस्तकात चढलं नव्हतं, ते मिळवले. बिल आगीनंतर नोंदलं म्हटलं की संशय येतोच, म्हणून ट्रान्सपोर्टची बिल्टी आणि ई-वे बिल सोबत जोडलं. दोन्हींवर आगीच्या आधीची तारीख होती, मग कोणी प्रश्न विचारला नाही. दिवाळीला घरच्यांसाठी आणि कामाच्या माणसांना दिलेल्या साड्या खरेदी किमतीने १ लाखाच्या होत्या. त्या विकल्या नाहीत, पण दुकानातही नव्हत्या, म्हणून वजा केल्या. निव्वळ खरेदी ७६ लाख.

याच्या उलटही घडतं. बिल नोंदलेलं असतं आणि माल अजून ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडलेला असतो. तो जळालेला नाही, तर मागायचा नाही. हमाली आणि गाडीभाडं मागच्या वर्षांच्या व्यापार खात्यात धरलेलं असेल तर यंदाही धरा, नसेल तर नको. दर आणि यंदाची खरेदी एकाच मापाने मोजलेली असली पाहिजे.

खातं मांडणं

इथवर आलात की बाकीचं गणित पाच ओळींचं आहे.

आरंभीचा माल, खरेदी किमतीने: ३० लाख
मिळवा निव्वळ खरेदी: ७६ लाख
वजा नेहमीच्या ८४ लाख विक्रीच्या मालाची किंमत: ६३ लाख
वजा आषाढ सेलच्या मालाची किंमत: ६ लाख
१८ नोव्हेंबरच्या रात्रीचा शिल्लक माल: ३७ लाख

नातेवाइकाच्या कागदावर काय आलं होतं? २७ लाख आरंभीचा माल, ७५ लाख खरेदी, ८८ लाख विक्रीवर २२.५ टक्के सोडून ६८.२ लाख वजा, शिल्लक ३३.८ लाख. फरक ३ लाख २० हजारांचा. विशेष म्हणजे त्या कागदातल्या काही चुका एकमेकींना झाकत होत्या. सेल वेगळा न काढल्यामुळे आकडा वाढत होता आणि खालचा दर तो उतरवत होता. म्हणूनच उत्तर 'साधारण बरोबर' दिसलं तरी त्यावर समाधान मानू नका. प्रत्येक ओळ वेगळी तपासा.

सर्वेअरच्या आधी आपणच तपासायचं

आकडा आला की मी दुकानात जातो आणि रॅक मोजतो. जळालेल्या रॅकचे लोखंडी कोन उभे असतात, भिंतीवर फळ्यांच्या खुणा दिसतात. या दुकानात खाली आणि माळ्यावर मिळून ४८ खण होते. मुलाने शेजारच्या दुकानात तशाच खणात साड्या रचून दाखवल्या, एका खणात साधारण ८० बसल्या. म्हणजे जागा ३,८०० च्या आसपास साड्यांची. मोजणीच्या यादीवरून एका साडीची सरासरी खरेदी किंमत हजार रुपयांच्या जवळ निघत होती. ३७ लाखांचा माल म्हणजे ३,७०० साड्या. दिवाळी संपलेली, लग्नसराईचा माल भरलेला, दुकान जवळजवळ गच्च. पटण्यासारखं आहे. हाच हिशेब ६० लाखांवर आला असता तर मी कागद फाडून पुन्हा पहिल्या ओळीपासून बसलो असतो.

दुसरी तपासणी बँकेची. कॅश क्रेडिट असेल तर दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट जातं, आणि मर्यादा पूर्ण वापरता यावी म्हणून कित्येक जण त्यात माल वाढवून लिहितात. सर्वेअर ते स्टेटमेंट मागवतोच. ऑक्टोबरअखेर बँकेला ५५ लाख लिहून दिलेत आणि तीन आठवड्यांनी विमा कंपनीला ३७ लाख सांगितलेत, तर दोघांपैकी एकाशी खोटं बोललात हे कागदावर लिहून दिल्यासारखं आहे. खोट्या कागदावर क्लेम मागितला तर पॉलिसीतले सगळे हक्क जाऊ शकतात, हे कलम फायर पॉलिसीत असतं. यावर माझ्याकडे दुसरा उपाय नाही. आज तुमच्या दुकानाला आग लागलेली नाही, तर या महिन्यापासून बँकेला खरा आकडा द्यायला लागा. माल बँकेकडे तारण असेल तर क्लेमचे पैसेही आधी बँकेकडे जातात, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवा.

साठ्यापासून क्लेमपर्यंत

वाचलेल्या आणि भिजलेल्या मालाची किंमत सर्वेअरबरोबर बसून ठरवतात. इथे ती २ लाख ठरली. ३७ मधून २ गेले, नुकसान ३५ लाख. विमा ४० लाखांचा होता, म्हणजे शिल्लक मालापेक्षा जास्त, त्यामुळे पूर्ण ३५ लाख मागता आले. पॉलिसीप्रमाणे एक्सेसची, म्हणजे दुकानदाराने स्वतः सोसायची, रक्कम त्यातून जाते.

विमा ३० लाखांचाच असता तर? मग सरासरीचं कलम लागतं, म्हणजे विमा जितका अपुरा तितक्या प्रमाणात क्लेमही कापला जातो. नुकसान गुणिले विमा रक्कम भागिले आगीच्या दिवशीचा एकूण माल: ३५ गुणिले ३० भागिले ३७, म्हणजे सुमारे २८ लाख ३८ हजार. एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी आहे, तिच्यात १५ टक्क्यांपर्यंत विमा कमी असला तर ही कपात होत नाही. पण ३७ लाखांच्या मालावर ३० लाखांचा विमा म्हणजे जवळजवळ १९ टक्के कमी, तिथे ही सवलत पुरत नाही.

याच सूत्रात एक गोष्ट दडलेली आहे. विमा अपुरा असताना माल फुगवून दाखवला तर ज्याने भागायचं तो आकडाही फुगतो. ३७ ऐवजी ४५ लाख सांगितले तरी क्लेम २८.३८ वरून २८.६७ लाखांवर येतो, म्हणजे २९ हजारही वाढत नाहीत. एवढ्यासाठी सगळा क्लेम धोक्यात घालणारे मी पाहिले आहेत. त्यांना कोणीतरी हा भागाकार आधी करून दाखवायला हवा होता.

जीएसटीचा राहून जाणारा भाग

सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(ह) प्रमाणे नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. साड्यांवर ५ टक्के धरले तर ३५ लाखांवर पावणेदोन लाख. हे पैसे खिशातून जातात, म्हणजे ते तुमच्या मालाच्या खर्चात येतात, आणि विमा रकमेत तेवढी जागा असेल तर क्लेममध्ये मागता येतात. क्रेडिट उलटवल्याचं चलन किंवा जीएसटीआर-३बी जोडा. बहुतेक लोक हे मागतच नाहीत, आणि नंतर मागायला गेलं की फाइल बंद झालेली असते. म्हणून ही ओळ पहिल्याच क्लेम फॉर्ममध्ये स्वतंत्र लिहा.

सही करण्याआधी

सर्वेअरच्या अहवालाची प्रत मागा आणि त्याने कोणता दर लावला ते बघा. त्याने २२.५ लावला असेल तर चौदा पानांची यादी, दुरुस्त केलेलं २०२३-२४ चं व्यापार खातं आणि तीन वर्षांचा तक्ता जोडून लेखी आक्षेप द्या. रक्कम मान्य नसताना 'फुल अँड फायनल' लिहिलेल्या व्हाउचरवर सही करू नका. तडजोड नाहीच झाली, तर एकट्या मालकीच्या दुकानांना पुण्यातल्या विमा लोकपाल कार्यालयात तक्रार करता येते. त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. या साड्यांच्या दुकानाला तिथपर्यंत जावं लागलं नाही. सर्वेअरने शेवटच्या पानावरच्या 'वजा १० टक्के' या ओळीवर बोट ठेवून मालकांना दोन प्रश्न विचारले, त्यांनी होतं तसं सांगितलं, आणि ३७ लाखांचा साठा मान्य झाला.